एम.टेक.च्या मुलाखतीत स्वतःची ओळख : ‘जिओटेकच का?’ याचं उत्तर भिंतीच्या भेगेतून कसं द्यायचं

एम.टेक.चे बहुतेक प्रवेश नुसत्या गेटच्या गुणांवर होतात. एनआयटीसाठी सीसीएमटीच्या फेऱ्या असतात, तिथे समोर बसवून कुणी काही विचारत नाही. मुलाखत असते ती संशोधनाकडे झुकलेल्या प्रवेशांना, म्हणजे आयआयएससीचा रिसर्चचा एम.टेक., मद्रास आयआयटीचा एम.एस. किंवा मुंबई आयआयटीत रिसर्च असिस्टंट म्हणून केला जाणारा तीन वर्षांचा एम.टेक. समोर तीन-चार प्राध्यापक असतात आणि वेळ साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं मिळतो. पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो, ‘टेल अस अबाउट युअरसेल्फ.’ लगेच किंवा थोड्या वेळाने दुसराही येतो, ‘हीच ब्रँच का?’

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच द्यायचं असतं, आणि ते एखाद्या खऱ्या अनुभवावर उभं करायचं असतं. ते कसं, हे इथे एकाच उदाहरणातून पाहू. सिव्हिलचा बी.ई. झालेला, परभणीकडचा एक उमेदवार आहे असं समजा. त्याला जिओटेक्निकल इंजिनीअरिंग घ्यायचं आहे. तुमची ब्रँच वॉटर रिसोर्सेस असो किंवा ट्रान्सपोर्टेशन, पायऱ्या याच राहतात, फक्त तपशील बदलतो.

समोरचे नेमकं काय ऐकतात

तुमचा अर्ज पॅनेलच्या हातात असतो. नाव, कॉलेज, सेमिस्टरचे गुण, गेटचा स्कोअर हे सगळं त्यात आहे. तरीही ते ओळख विचारतात, कारण त्यांना पुढचा प्रश्न हवा असतो. तुम्ही उच्चारलेल्या प्रत्येक नामावर प्रश्न येऊ शकतो. ‘प्लॅक्सिस’ म्हणालात तर प्लॅक्सिसमध्ये कोणतं सॉइल मॉडेल वापरलंत, हे ओघानेच आलं. ‘रोबोटिक्समध्ये रस आहे’ म्हणालात तर त्याचा सिव्हिलशी संबंध काय, हे सांगावं लागेल.

म्हणजे मुलाखतीची पहिली दहा मिनिटं कुठे जातील हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. बहुतेकजण ही संधी घालवतात ती अशी :

‘माझं नाव अमुक. मी परभणी जिल्ह्यातला. वडील शेती करतात, आई गृहिणी आहे. दहावीला ९१ टक्के, बारावीला ७८ टक्के, बी.ई.ला ८.२ सीजीपीए. मी मेहनती आणि जिद्दी आहे. मला लहानपणापासून सिव्हिल इंजिनीअरिंगची आवड आहे. क्रिकेट खेळणं आणि वाचन हे माझे छंद आहेत.’

यात खोटं काहीच नाही, पण धरण्याजोगंही काही नाही. टक्के कागदावर आहेतच. ‘जिद्दी’वर काय विचारणार? मग पॅनेल सरळ अभ्यासक्रमाकडे वळतं, ‘आवडता विषय कोणता?’ आणि तिथून टर्झागीच्या कन्सॉलिडेशन थिअरीच्या गृहीतकांपर्यंत पोचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ते प्रश्न वाईट नसतात, फक्त मैदान त्यांचं असतं.

पायरी १ : अनुभव निवडा

वही घ्या आणि गेल्या चार-पाच वर्षांत सिव्हिलशी संबंध आलेलं जे काही स्वतः केलं, ते लिहून काढा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, साइटवरचं इंटर्नशिप, लॅबमधली एखादी टेस्ट जी नीट जमलीच नाही, घराच्या बांधकामावर देखरेख, मामांच्या शेतातल्या विहिरीचं खोलीकरण, वडिलांच्या हाताखाली केलेलं गवंडीकाम, असं सगळं. गवंडीकाम लिहायला संकोच करू नका. प्लिंथखाली मुरूम कसा धुमसतात हे ज्याने पाहिलंय, त्याच्याशी कॉम्पॅक्शनवर बोलायला प्राध्यापकांना आवडतं.

आता या यादीला तीन चाळण्या लावा. तिथे तुम्ही हाताने काही केलं होतं का? त्यात एखादी तरी मोजलेली गोष्ट आहे का? आणि तुम्हाला उलगडलं नाही असं काही राहिलं होतं का, ज्याचं उत्तर नेमकं याच ब्रँचमध्ये आहे? तिन्हींना ‘हो’ म्हणणारा अनुभव बहुधा एकच निघतो. तोच घ्या, तो छोटा असला तरी चालेल.

इथे एक चूक फार दिसते. जिओटेक मागणारे कितीतरी उमेदवार ३० जुलै २०१४ ची माळीणची दरड किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडीची दुर्घटना सांगतात आणि ‘तेव्हापासून मला या क्षेत्रात काम करावंसं वाटलं’ असं म्हणतात. भावना खरी असेल, पण टीव्हीवर पाहिलेली बातमी हा तुमचा अनुभव नव्हे. पुढचा प्रश्न येतो, ‘तिथला उतार किती होता? माती कोणती? पाण्याचा दाब कसा वाढला?’ यातलं काही तुम्ही मोजलेलं नसतं, म्हणून वाचलेलं अर्धवट सांगावं लागतं. शिवाय इतक्या माणसांचा जीव गेलेली घटना स्वतःच्या प्रवेशासाठी वापरल्यासारखी वाटते, आणि ते ऐकणाऱ्याला खटकतं. तुम्ही स्वतः त्या परिसरात सर्व्हेला गेला असाल, नमुने घेतले असतील, तर गोष्ट वेगळी.

आपल्या उमेदवाराकडे दिसायला अगदी साधी गोष्ट आहे. गावातल्या शाळेच्या एका खोलीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग होती. दरवर्षी ती सिमेंटने बुजवायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडायची. शेवटच्या वर्षी चौघांच्या गटाने तीच खोली प्रोजेक्टला घेतली. याने स्वतः भेगेची रुंदी मोजली, मे महिन्यात ६ मिमी, सप्टेंबरमध्ये २ मिमी. पायाजवळ एक मीटर खोलीवरून काळ्या मातीचा नमुना घेतला आणि कॉलेजच्या लॅबमध्ये फ्री स्वेल इंडेक्स काढला, तो ८० टक्के आला. बाकीच्या तिघांनी प्लॅन काढला, लिक्विड व प्लास्टिक लिमिट काढल्या आणि अहवाल लिहिला.

पायरी २ : अनुभवातून प्रश्न काढा

अनुभव सांगितला की ब्रँच आपोआप सिद्ध होते, असा समज असतो. तसं होत नाही. ‘मी काळ्या मातीवर प्रोजेक्ट केला, म्हणून मला जिओटेक घ्यायचंय’ या वाक्यात ‘म्हणून’ला काहीच आधार नाही. मधला दुवा असतो तुम्हाला पडलेला प्रश्न, आणि तो तुमच्याच निरीक्षणातून निघालेला हवा.

आपल्या उमेदवाराच्या आकड्यांकडे परत पाहा. भेग उघडली यात नवल नाही, पाया खचला की भेगा पडतातच. नवल हे की पावसाळ्यात ती मिटत आली. नुसता खचलेला पाया स्वतःहून वर येत नाही. म्हणजे काहीतरी त्याला उचलत होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते हे पुस्तकात आहेच, पण मग खोलीची सगळी जमीन एकसारखी का उचलली गेली नाही? तसं झालं असतं तर भेग पडलीच नसती. बाहेरच्या भिंतीखालची माती उन्हाने वाळते आणि पावसाने भिजते. खोलीच्या मधोमध फरशीखाली ओल फारशी बदलत नाही. कडा खालीवर होते, मध्य तसाच राहतो. मग त्याच्या मनात आलं, जमिनीतली ओल ऋतूप्रमाणे किती खोलपर्यंत बदलते, आणि ते आधी मोजून पाया ठरवता येईल का?

हा प्रश्न असंपृक्त मातीच्या, म्हणजे अनसॅच्युरेटेड सॉइल मेकॅनिक्सच्या दारात नेऊन उभा करतो. ब्रँचची निवड आता पटते, कारण याचं उत्तर बी.ई.च्या अभ्यासक्रमात नव्हतं आणि एम.टेक.च्या अभ्यासक्रमात आहे.

तुमचा प्रश्न मिळाला की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. त्यातून तुमची जागा आणि तुमचे आकडे काढून टाका. तरीही तो जसाच्या तसा उरला, तर तो पाठ्यपुस्तकातला प्रश्न आहे. अजून खणा.

पायरी ३ : दीड मिनिटात बसवा

ओळख ७५ ते ९० सेकंदांची ठेवा. नेहमीच्या गतीने इंग्रजी बोलताना त्यात दीडशे ते पावणेदोनशे शब्द बसतात. दोन मिनिटांच्या पुढे गेलात की कुणीतरी मध्येच तोडतं, आणि ते बहुधा तुमचा महत्त्वाचा भाग येण्याआधीच.

नाव, पदवी, कॉलेज आणि वर्ष यांना दहा सेकंद पुरतात. अनुभवाला पस्तीस द्या, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहायला हवी. पडलेल्या प्रश्नाला पंधरा. त्यानंतर तुम्ही स्वतःहून काय केलं, त्याला पंधरा, म्हणजे एखादा ऐच्छिक विषय, एनपीटीईएलचा कोर्स, वाचलेला एखादा पेपर. शेवटी इथे काय करायचं आहे, ते दहा सेकंदांत. मराठीत मांडलं तर ते असं दिसेल :

‘मी अमुक. यंदा अमुक कॉलेजातून सिव्हिलमध्ये बी.ई. केलं. आमच्या गावच्या शाळेत एका खोलीच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग आहे. दरवर्षी ती बुजवतात आणि दर उन्हाळ्यात ती परत उघडते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघांनी त्या खोलीचा अभ्यास केला. भेगेची मोजणी आणि मातीची फ्री स्वेल टेस्ट हे माझं काम होतं. मे महिन्यात भेग ६ मिमी होती, सप्टेंबरमध्ये २. पायाजवळच्या काळ्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स ८० टक्के आला. भेग मिटत आली, म्हणजे पाया नुसता खचत नव्हता, ऋतूप्रमाणे खालीवर होत होता. ओल किती खोलपर्यंत बदलते हे मला आमच्या मोजणीतून सांगता आलं नाही. ते समजून घ्यायला मी अनसॅच्युरेटेड सॉइलवरची व्याख्यानं पाहिली. सक्शनची कल्पना कळली, पण ते मोजतात कसं हे प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फुगणाऱ्या मातीवर प्रयोगशाळेत काम करायचं आहे, म्हणून जिओटेक्निकलसाठी अर्ज केला.’

यात ‘आवड’, ‘पॅशन’, ‘स्वप्न’ यांपैकी एकही शब्द नाही, आणि त्यांची उणीवही भासत नाही. काय जमलं नाही, तेही यात सांगितलं आहे. ही वाक्यं गाळू नका. संशोधनाच्या जागेसाठी आपल्या कामाची हद्द ओळखणारा माणूस हवा असतो.

‘आम्ही चौघांनी’ आणि ‘माझं काम’ ही फोडही मुद्दाम केलेली आहे. गटातल्या प्रोजेक्टमध्ये ‘आम्ही केलं’ एवढंच म्हणालात तर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘यात तुम्ही काय केलं?’ तो यायच्या आधीच उत्तर दिलेलं बरं.

पायरी ४ : प्रत्येक शब्दाच्या दोन थर खाली जा

तयारीचा सगळ्यात मोठा भाग हाच, आणि नेमका हाच राहून जातो. ओळखीतल्या प्रत्येक तांत्रिक शब्दाखाली रेघ मारा. त्यावर येऊ शकणारा प्रश्न लिहा, त्याचं उत्तर लिहा, आणि त्या उत्तरावर येऊ शकणारा प्रश्नही लिहा. दुसऱ्या थरापर्यंत जाता येत नसेल तर तो शब्द ओळखीतून काढून टाका.

‘फ्री स्वेल इंडेक्स’ घेऊन हे करून पाहू.

पहिला प्रश्न सरळ असेल, ‘टेस्ट कशी केली?’ उत्तर : ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेल्या, ओव्हनमध्ये वाळवलेल्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घेतले. १०० मिलीचे दोन मोजपात्र घेऊन एकात डिस्टिल्ड पाणी आणि दुसऱ्यात केरोसीन भरलं. ढवळून अडकलेली हवा काढली आणि किमान २४ तास तसंच ठेवलं. पाण्यातल्या मातीचं आकारमान १८ मिली झालं, केरोसीनमधलं १०. फरक ८, त्याला १० ने भागून शंभराने गुणलं की ८० टक्के. पद्धत आयएस २७२० च्या भाग ४० मधली. मोजपात्रांवरचे दोन आकडे तोंडपाठ ठेवाच. अंतिम टक्केवारी सांगून मूळ वाचन न आठवणारा उमेदवार टेस्ट दुसऱ्याने केली असावी अशी शंका निर्माण करतो, मग ती त्यानेच केलेली का असेना.

त्याखालचा थर : ‘केरोसीनच का?’ कारण ते नॉन-पोलर आहे. मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरतात आणि माती फुगते. केरोसीनमध्ये तसं होत नाही, म्हणून न फुगलेल्या मातीचं आकारमान तुलनेला मिळतं.

आणखी एक प्रश्न जवळपास हमखास असतो, ‘या टेस्टमधून काय कळत नाही?’ इथे उमेदवार गडबडतात, कारण पुस्तकात टेस्टचे उपयोग दिलेले असतात, मर्यादा क्वचितच. उत्तर असं : माती दळून, चाळून, सुटी करून घेतल्यामुळे जमिनीतली तिची मूळ रचना आणि घनता राहत नाही. वर भार नसतो. म्हणून माती फुगणारी आहे हे कळतं, पण ती पायाला किती दाबाने उचलेल हे कळत नाही. त्यासाठी ओडोमीटरमध्ये स्वेलिंग प्रेशर काढावं लागतं, ती भाग ४१ मधली वेगळी टेस्ट. आम्ही ती केली नव्हती.

गटातल्या दुसऱ्याने केलेल्या टेस्टचे आकडेही माहीत हवेत. समजा, लिक्विड लिमिट ७२ आणि प्लास्टिक लिमिट ३२ आली. प्लास्टिसिटी इंडेक्स झाला ४०. ‘चार्टवर ही माती कुठे बसेल?’ ए-लाइनचं सूत्र आहे ०.७३ गुणिले (लिक्विड लिमिट वजा २०). ५२ ला ०.७३ ने गुणलं की जवळपास ३८ येतात. आपला इंडेक्स ४०, म्हणजे रेषेच्या वर, आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे, म्हणून सीएच. फळ्यावर किंवा कागदावर हे एका मिनिटात मांडता आलं पाहिजे. माती रेषेच्या अगदी जवळ आहे हे स्वतःहून बोललात तर उत्तमच.

मग येतो उपायाचा प्रश्न, ‘ती खोली तुमच्या ताब्यात दिली तर काय कराल?’ इथे एक सापळा आहे. काळी माती म्हटलं की अंडर-रीम्ड पाइल किंवा सीएनएस, म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर, ही उत्तरं जिभेवर तयार असतात. दोन्ही बरोबर आहेत, पण नव्या बांधकामासाठी. ही खोली उभी आहे आणि तिथे मुलं बसतात. इथे आधी ओलीचा चढउतार कमी करायला हवा. भोवती रुंद प्लिंथ प्रोटेक्शन, छताचं पाणी भिंतीपासून लांब नेणं, नळगळती बंद करणं, भिंतीलगत मोठं झाड असेल तर त्याचा विचार करणं, असे उपाय. नव्या खोलीचं विचारलं तर पाइलकडे वळा आणि ती ओल बदलणाऱ्या पट्ट्याच्या खाली का न्यावी लागते ते सांगा. खोल काळ्या मातीत आयएस २९११ किमान ३.५ मीटर लांबी मागतं, आणि तुमचा नमुना एकाच मीटरवरचा होता. ही विसंगती पॅनेलने दाखवायच्या आधी तुम्हीच दाखवा : ‘आम्ही खालचे नमुने घेतले नाहीत, त्यामुळे आमच्या जागेवर हा पट्टा किती खोल आहे हे सांगता येत नाही.’

मुलाखत मुंबई आयआयटीत असेल तर एक गोष्ट जरूर वाचून जा. काळ्या मातीवरचं सीएनएस थराचं मूळ काम आर. के. कट्टी यांनी त्याच संस्थेत केलेलं आहे. ओळखीत त्यांचं नाव घालू नका, ते खुशामतीसारखं वाटेल. पण विषय निघाला आणि तुम्हाला ठाऊकच नसलं, तर फुगणाऱ्या मातीवर काम करायचंय हे म्हणणं पोकळ पडतं.

‘मग स्ट्रक्चर्स का नाही?’

हा प्रश्न शांतपणे विचारला जातो, पण त्यामागे संशय असतो. सिव्हिलमध्ये स्ट्रक्चर्सचा कटऑफ सहसा वर असतो, म्हणून स्कोअर पुरला नाही की माणूस जिओटेककडे वळतो, हे पॅनेलला माहीत असतं. ‘मला दोन्ही आवडतात’ किंवा ‘जिओटेकमध्ये स्कोप आहे’ अशा उत्तरांनी तो संशय पक्का होतो.

उत्तर अनुभवातच दडलेलं असलं पाहिजे. आपल्या उमेदवाराला ते सोपं जातं : भेग भिंतीत दिसत होती, म्हणून दरवर्षी भिंतच दुरुस्त केली आणि दरवर्षी ती फसली. भिंत भक्कम केली असती तर भेग कदाचित उशिरा पडली असती, पण खालची हालचाल थांबली नसती. आम्ही जे मोजलं त्यात कारण मातीच्या ओलीत सापडलं. एवढं पुरे. स्ट्रक्चर्सला नावं ठेवू नका, समोरच्या चौघांत एखादे प्राध्यापक त्या विभागाचे असू शकतात.

तुम्ही दोन्ही ब्रँचना अर्ज केला असेल तर ते लपवू नका, अर्जात दिसतंच. ‘पहिली पसंती जिओटेक, कारण हे. स्ट्रक्चर्स मिळालं तर फाउंडेशन आणि सॉइल-स्ट्रक्चर इंटरॅक्शनकडे जाईन,’ असं म्हणालात तर दोन्ही अर्ज एका धाग्यात येतात.

आणि खरोखरच स्कोअरमुळे ही ब्रँच निवडली असेल तर? अनुभव रचू नका. मातीच्या लॅबमधली एक टेस्ट निवडा, कॉलेज मोकळं असेल तर ती परत करा, दोनदा करून आकडे का जुळले नाहीत ते शोधा. दोन आठवड्यांपूर्वीचा अनुभवही खरा अनुभव असतो, आणि तो केव्हाचा आहे हे सांगायला हरकत नाही. रचलेली गोष्ट मात्र दुसऱ्या थराला उघडी पडते, कारण तिच्यात मोजपात्रावरचे आकडे नसतात.

इंग्रजीत बोलताना

आधी मराठीत लिहा. विचार मराठीत सुटला की वाक्यं छोटी येतात. मग तेच इंग्रजीत सांगा, पण शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका. ‘द क्रॅक वॉज सिक्स मिलिमीटर्स इन मे. इन सप्टेंबर इट वॉज टू.’ इतकी साधी वाक्यं या मुलाखतीला पूर्ण पुरतात. पाठ केलेलं लांब वाक्य मध्येच तुटलं की उमेदवार पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि पाठांतर उघडं पडतं. अडखळलात तर ते वाक्य तिथेच सोडा, एक श्वास घ्या आणि छोट्या वाक्याने पुढे जा.

‘मुरूम’, ‘काळी माती’ हे शब्द मराठीतच तोंडात आले तरी बिघडत नाही. मुरूम हा शब्द देशभरातले सिव्हिलवाले वापरतात.

सराव

ओळख पाठ करू नका, तिचा क्रम पाठ करा. कागदाच्या एका तुकड्यावर पाचच शब्द लिहा : कॉलेज, भेग, ६ आणि २, ओल, लॅब. त्यावरून फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना घड्याळ पाहा आणि भेगेपर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते बघा. वीसच्या पुढे गेलात तर सुरुवातीला काहीतरी फालतू आहे, बहुधा टक्के.

नंतर एखाद्या वर्गमित्राला समोर बसवा आणि त्याला मुद्दाम चाळिसाव्या सेकंदाला तोडायला सांगा, ‘थांब, फ्री स्वेल म्हणजे काय?’ खऱ्या मुलाखतीत असंच होतं. तोडलं की उत्तर द्यायचं आणि राहिलेली ओळख विसरून जायची. ‘मी आधी माझं पूर्ण करतो’ म्हणायचं नाही. पॅनेलने मध्येच विचारलं, म्हणजे तुमचा शब्द त्यांनी धरला, आणि तेच तर हवं होतं. तोडण्याआधी नेमकं काय सांगून झालं असेल हे लक्षात घेऊन आकडे शेवटी नका ठेवू, पहिल्या चाळीस सेकंदांत आणा.

सिव्हिल नसलेल्या एखाद्यालाही एकदा ऐकवा, घरात काका-मावशी असतील तर त्यांना. ऐकून त्यांनी ‘मग भेग पावसाळ्यात का मिटते?’ असं विचारलं, तर ओळख जमली. ‘छान बोललास’ म्हणाले तर अजून काम बाकी आहे.

ओळख मागितलीच नाही तर

असंही होतं. खूप उमेदवार असले की पॅनेल थेट म्हणतं, ‘तुमचा अर्ज पाहिलाय, मोहर सर्कल काढा.’ तेव्हा मध्येच भिंतीची गोष्ट घुसवू नका, सर्कल काढा. मात्र दोन वाक्यांची आवृत्ती तयार ठेवा : ‘गावच्या शाळेच्या भिंतीतली भेग मे महिन्यात ६ मिमी आणि सप्टेंबरमध्ये २ मिमी मोजली. मातीतली ओल हे कारण निघालं, म्हणून फुगणाऱ्या मातीवर काम करायचंय.’ ‘प्रोजेक्ट काय होता?’, ‘इथे काय करायचं आहे?’, ‘आणखी काही सांगायचंय?’ यांपैकी एक प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत सहसा येतोच, आणि तिन्हींना ही दोन वाक्यं चालतात.

मुलाखत ऑनलाइन असेल तर भेगेचा पट्टी लावून काढलेला फोटो आणि टेस्टच्या वाचनांचं पान लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवा. स्वतःहून स्क्रीन शेअर करू नका. ‘दाखवू का?’ एवढं विचारा. प्रत्यक्ष गेलात तर तेच दोन कागद फाइलमध्ये गुणपत्रिकांच्या वर लावा. फोटोत पट्टीवरचे आकडे वाचता येतात ना, हे आदल्या दिवशी बघून घ्या.